एकच लहान फोटो, चार टूल्स: मोठा केलेला फोटो तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला एका फोटोमुळे विचारले जाऊ लागले. १९६८ सालचं आत्याचं लग्न, आजोबांच्या दुकानासमोर उभं असलेलं कुटुंब, मध्यभागी आजी. फोनवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलेली प्रत होती फक्त 480×360 पिक्सेलची. ती मी चार वेगवेगळ्या पद्धतींनी चौपट केली आणि चार वेगळ्या आज्या समोर आल्या. काही महिन्यांनी काकांच्या ट्रंकेत मूळ प्रिंट सापडली, ती 600 डीपीआयवर स्कॅन केली आणि कोणत्या आवृत्तीने काय खरं दाखवलं, काय रचलं, ते ताडून पाहता आलं. खालची उत्तरं त्या ताडण्यातून आली आहेत.

चौपट मोठा करताना नेमकं काय होतं?

चौपट म्हणजे रुंदीही चौपट आणि उंचीही चौपट. मूळच्या एका पिक्सेलच्या जागी आता सोळा पिक्सेल येतात. 480×360 चा फोटो 1920×1440 होतो. जेवढी माहिती होती तेवढीच आहे, पण भरायच्या जागा सोळापट झाल्या. त्या कशाने भरायच्या, यावरच टूलचा सगळा स्वभाव ठरतो.

आमच्या फोटोत आजीचा चेहरा जेमतेम 28 पिक्सेल रुंद होता. एक डोळा म्हणजे पाच-सहा पिक्सेलचा गडद पट्टा. पापणी, बुबुळ, डोळ्यातली चमक, सगळं त्या पाच-सहा चौकटींत मिसळून गेलेलं. मोठ्या फोटोत पापणीचे केस सुटे दिसू लागले, तर ते या फाइलमधून आलेले नाहीत, एवढं तुलना सुरू करण्याआधीच सांगता येतं.

मग काही टूल्स फोटो मेणासारखा गुळगुळीत करतात आणि काही नसलेलं उभं करतात, असं का?

दोन्हींचं मूळ एकच आहे. लहान फोटोतल्या एका अस्पष्ट ठिपक्यामागे मूळ चित्र अनेक प्रकारचं असू शकतं: सुरकुती, केसाची बट, सावली, कागदावरचा ओरखडा. ज्या मॉडेलला ‘सरासरी चूक कमीत कमी ठेव’ असं शिकवलेलं असतं, ते या सगळ्या शक्यतांची सरासरी काढतं. सुरकुती असेल-नसेल यांची सरासरी म्हणजे सपाट कातडी. ज्या मॉडेलला ‘खऱ्या फोटोसारखं दिसलं पाहिजे’ असं शिकवलेलं असतं, ते सरासरीवर थांबत नाही. ते एक शक्यता निवडतं आणि ती ठामपणे रंगवतं. ब्लाउ आणि मिखाएली या दोन संशोधकांनी 2018 मध्ये हे गणिताने मांडलं: एका मर्यादेपुढे चित्र मुळाशी जास्त जुळणारंही हवं आणि जास्त खरं दिसणारंही हवं, असं दोन्ही एकाच वेळी मिळत नाही.

माझ्या तुलनेतल्या चार आवृत्त्या याच क्रमाने होत्या. ‘अ’ म्हणजे लँक्झोस: साधं गणित, शेजारच्या पिक्सेलांवरून मधल्या जागा भरणारं. ‘ब’ म्हणजे सरासरी चुकीवर शिकवलेलं मॉडेल. ‘क’ म्हणजे गॅन पद्धतीचं मॉडेल, ‘खऱ्या फोटोसारखं दिसलं पाहिजे’ असं शिकवलेलं. 2021 मध्ये आलेलं रिअल-ईएसआरगॅन याच कुळातलं. ‘ड’ म्हणजे डिफ्यूजन, जे गोंगाटापासून, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांपासून, सुरुवात करून चित्र नव्याने घडवतं. अ पासून ड कडे जाताना फोटो अधिक ‘स्वच्छ’ दिसत गेला आणि त्याच क्रमाने त्यातली टूलची स्वतःची भर वाढत गेली.

तुलना करण्याआधी कोणती काळजी घ्यायची?

सगळ्या टूल्सना एकच फाइल द्या. एकाला मूळ जेपीजी, दुसऱ्याला त्याचा स्क्रीनशॉट आणि तिसऱ्याला पुन्हा फोनवरून पाठवलेली प्रत दिली, तर तुलना टूल्सची न होता फाइल्सची होते. मूळ फाइल एकदाच पीएनजी करून घ्या आणि तीच सगळीकडे वापरा. निकालही पीएनजीतच जतन करा.

सगळ्या आवृत्त्या एकाच मापाच्या करा आणि गिंपसारख्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक थर म्हणून लावा. शेजारी शेजारी ठेवून पाहू नका. शेजारी ठेवलेल्या दोन फोटोंत डोळा अधिक ठळक फोटोलाच पसंती देतो. थर चालू-बंद केले की काय हललं, काय उगवलं, काय गेलं ते लगेच कळतं. पाहताना झूम 100 टक्के ठेवा.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. काही टूल्स न सांगता उजेड आणि गडदपणातला फरक वाढवतात. अशी आवृत्ती पहिल्या नजरेत बाजी मारते, पण त्यात तपशील वाढलेला नसतो. आधी सगळ्यांचा कॉन्ट्रास्ट साधारण सारखा करून घ्या, मगच ठरवा.

फोटो जास्त गुळगुळीत झालाय, हे कसं ओळखायचं?

कडा आणि त्यांच्या आतला भाग यांच्यात मेळ आहे का, ते बघा. खऱ्या फोटोत कड जितकी स्पष्ट, तितपत कापडाचा पोतही दिसतो. गुळगुळीत केलेल्या फोटोत बाहीची कड ब्लेडने कापल्यासारखी असते आणि आतलं कापड मात्र प्लास्टिकचं वाटतं. केसांच्या बटा वेगळ्या न दिसता रंगाचे ओघळ दिसतात. मातीच्या भिंतीवर तैलरंगाचे फटकारे ओढल्यासारखे पट्टे येतात. सगळ्यांत जास्त सांगून जाते ती फोटोतली रवाळी, म्हणजे फिल्मचे बारीक कण: जुन्या फिल्मवर ती सगळीकडे साधारण सारखी असते. चेहऱ्यावरून ती पुसली गेली आणि आकाशात मात्र उरली, तर पुसणारं कुणीतरी आहे.

पण खरी हानी अशा जागी होते जिथे आपण बघायलाच विसरतो. आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. लहान फोटोत हनुवटीवरचा ठिपका म्हणजे आजूबाजूपेक्षा थोडा गडद असा एकच पिक्सेल. ‘अ’ मध्ये तो धूसर डाग म्हणून राहिला. ‘ब’ आणि ‘क’ दोघांनीही त्याला जेपीजीचा कचरा समजून साफ केलं. हनुवटी स्वच्छ झाली, सुंदरही दिसली. देवीचे व्रण, तीळ, कातडीवरचे डाग, धोतराला लावलेलं ठिगळ, सगळ्यांचं हेच होतं. म्हणून तुलनेआधी घरातल्या मोठ्यांना विचारून एक यादी करा: या माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं, जे दिसलंच पाहिजे? मग प्रत्येक आवृत्तीत ती एकेक खूण शोधा.

ज्या टूलमध्ये गोंगाट कमी करण्याची मात्रा बदलता येते, तिथे ती आधी अगदी कमी ठेवून बघा. टूलने आधीपासून ठेवलेली मात्रा बहुतेक वेळा जुन्या फिल्मसाठी फार जास्त असते.

आणि रचलेला तपशील कसा ओळखायचा?

तो चुकीचा दिसत नाही, हीच अडचण आहे. धूसर डाग आपल्याला खटकतो, सुबक काठ खटकत नाही.

‘ड’ मध्ये आजीच्या लुगड्याला सुरेख नक्षीचा रुंद काठ आला होता. मी तो फोटो कौतुकाने आत्याला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, आईकडे पैठणी कुठली? साधं इरकली लुगडं होतं ते.” मूळ प्रिंट सापडल्यावर दिसलं की काठ अरुंद होता, दोन साध्या रेघांचा. लहान फोटोत तिथे दोन पिक्सेलची उजळ-गडद पट्टी होती. तिच्यातून मॉडेलने नक्षी काढली, कारण त्याने पाहिलेल्या फोटोंत अशा पट्टीच्या जागी बहुधा नक्षी असते.

नथीचंही तसंच. ‘क’ मध्ये ती नाकाखालची सावली झाली आणि वरचा ओठ थोडा जाड झाला. ‘ड’ मध्ये नथ होती, पण तिचे मोती मोजता येत होते. चार पिक्सेलच्या डागातून मोती मोजता येत असतील, तर ते मोती टूलचे आहेत.

यावरून मी एक सवय लावून घेतली. मोठ्या फोटोत एखादी गोष्ट आवडली की लहान फोटोत तीच जागा पिक्सेल दिसतील इतकी झूम करायची आणि ती किती चौकटींत आहे ते मोजायचं. झाडाची पानं पिसांसारखी दिसणं, विटा एकसारख्या मापाच्या होणं, दात सलग पांढरी पट्टी होणं, दोन डोळ्यांतली चमक वेगवेगळ्या दिशांना असणं, या ठिकाणी संशय घ्यावाच. जेपीजीचे आठ-आठ पिक्सेलचे चौकोन आणि कडेभोवतीची कंपनं, म्हणजे कडेलगत उमटणाऱ्या फिक्या-गडद रेघा, यांनाही टूल्स ‘तपशील’ समजतात. आमच्या फोटोत आजोबांच्या टोपीलगतच्या अशाच कंपनातून ‘क’ ने कपाळावर आठी काढली. वर्तमानपत्रातून काढलेला फोटो असेल तर छपाईच्या ठिपक्यांचं कापड विणलं जातं.

मोठा केलेला फोटो पुन्हा लहान करून मुळाशी ताडता येतो का?

येतो, आणि ही चाचणी पहिली करावी. मोठी आवृत्ती एक चतुर्थांश करा, मूळ लहान फोटोवर ठेवा आणि फरक काढा. इमेजमॅजिक या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये असं:

```
magick small.png -filter Lanczos -resize 400% A.png
magick D.png -filter Box -resize 25% D_small.png
magick small.png D_small.png -compose difference -composite -evaluate multiply 8 D_farak.png
```

पहिल्या ओळीने ‘अ’ आवृत्ती तयार होते. पुढच्या दोन ओळी ‘ड’ ला लहान करून मुळातून वजा करतात आणि फरक डोळ्यांना दिसावा म्हणून आठपट उजळतात. निकालाचं चित्र जवळजवळ काळं हवं. सगळीकडे हलकी भुरभुर दिसली तर ती जेपीजी साफ केल्याची आहे, ती चालते. एखादा आकार ओळखू येऊ लागला, उदाहरणार्थ डोळ्याची कड किंवा काठाची पट्टी, तर टूलने मूळ फोटोशीच फारकत घेतली आहे. आमच्या ‘ड’ च्या फरकचित्रात लुगड्याचा काठ आणि डावा डोळा पांढरे उमटले. कड दुहेरी दिसली तर मात्र आधी थर नीट जुळलेत का ते बघा, कारण काही टूल्स चित्र अर्ध्या पिक्सेलने सरकवतात.

या चाचणीत नापास झालेली आवृत्ती निश्चित चुकीची. पण पास झालेली खरी असेलच असं नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी पल्स नावाची पद्धत मांडली. ती नेमकं हेच करायची: लहान केल्यावर दिलेल्या चौकटींशी जुळेल असा चेहरा शोधून काढायची. कुणीतरी तिला बराक ओबामांचा चौकटी-चौकटींचा फोटो दिला आणि तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा परत दिला. चेहरा पुन्हा लहान केला की मुळाशी जुळायचा. माणूस दुसराच होता. एका लहान फोटोशी जुळणारे मोठे फोटो असंख्य असतात, आणि त्यातला आपला कोणता हे ही चाचणी सांगू शकत नाही.

मूळ प्रिंट नसेल तर रचलेलं कसं पकडायचं?

टूलला तोच प्रश्न थोडा बदलून पुन्हा विचारा. लहान फोटोची आरशातली प्रतिमा करा आणि एक प्रत किंचित लहान करा:

```
magick small.png -flop aarsa.png
magick small.png -filter Lanczos -resize 92% kami.png
```

दोन्ही त्याच टूलने मोठ्या करा, आरशातली परत उलटवा, सगळ्या एका मापाला आणा आणि थर चालू-बंद करत बघा. फाइलमध्ये ज्याला आधार आहे ते जागचं हलत नाही: दुकानाची चौकट, आजोबांच्या टोपीची कड, आत्याच्या मुंडावळ्या. ज्याला आधार नाही ते दर वेळी वेगळं येतं. फोटो नुसता दोन-चार पिक्सेलने सरकवून पाठवण्याचा फारसा उपयोग नाही. अशी बरीचशी मॉडेल्स सरकवलेल्या फोटोला सरकवलेलंच उत्तर देतात.

डिफ्यूजन टूलमध्ये याहून सोपा मार्ग आहे. सीड, म्हणजे सुरुवातीचा गोंगाट ठरवणारा आकडा, बदलून तोच फोटो पाच वेळा करा. आमच्या फोटोत पाच सीडला पाच काठ आले आणि दुकानाचं दार मात्र पाचही वेळा तेच राहिलं.

चारही टूल्सनी एकच गोष्ट दाखवली, तर ती खरी धरावी का?

आपोआप नाही. ‘ब’ आणि ‘क’ दोघांनी गोंदण पुसलं, ते एकमत होतं आणि चुकीचं होतं. सारख्या फोटोंवर शिकलेली टूल्स सारखीच चूक करतात. मतभेद मात्र उपयोगाचा: जिथे टूल्स एकमेकांशी भांडतात, तिथे मूळ फाइलमध्ये बहुधा पुरेशी माहिती नव्हती.

चेहरा सुधारण्याचा पर्याय चालू ठेवावा का?

ओळखीच्या माणसाच्या फोटोला, आणि चेहरा इतका लहान असताना, माझं उत्तर नाही असं आहे.

जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मरसारखी मॉडेल्स फोटोतला चेहरा वेगळा काढून, आधी शिकलेल्या चेहऱ्यांच्या साच्यातून तो पुन्हा घडवतात. त्यांच्या शिक्षणासाठी वापरलेला एफएफएचक्यू हा संग्रह फ्लिकरवरून गोळा केलेल्या 70,000 फोटोंचा आहे. त्यात गोंदण असलेल्या, नथ घातलेल्या, उन्हात डोळे बारीक केलेल्या आज्या किती असतील याची कल्पना करता येते. मी हा पर्याय चालू करून एक पाचवी प्रतही काढली होती. त्यात आजीचे डोळे मोठे झाले, नाक सरळ झालं, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा झाला. आत्याने विचारलं, “हे कुणाचं तोंड लावलंस गं?” अनोळखी माणसाला तो पाचांतला सर्वांत छान चेहरा वाटला असता. म्हणून चेहऱ्याची परीक्षा ओळखणाऱ्यांकडूनच करून घ्या, आणि त्यांना कोणती आवृत्ती कशाची आहे ते आधी सांगू नका.

चेहरा मुळात शंभरेक पिक्सेल रुंद असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कोडफॉर्मरमधला `w` हा आकडा 1 च्या जवळ ठेवून बघा. तो 0 कडे नेला की चेहरा देखणा होत जातो आणि माणूस हरवत जातो. 1 कडे नेला की दिलेल्या फोटोशी जास्त इमान राखलं जातं.

मूळ फोटोशी जुळणी मोजणारे पीएसएनआरसारखे आकडे काढावेत का?

मूळ मोठा फोटो हाताशी असेल तरच त्यांना अर्थ आहे, आणि तेव्हाही ते गुळगुळीत फोटोला झुकतं माप देतात, कारण सरासरीला चूक कमी पडते. आमच्याकडे ‘ब’ चा आकडा सर्वांत चांगला आला. गोंदण त्यातही नव्हतं.

दुकानाची पाटी वाचायची आहे. कोणती आवृत्ती वापरू?

‘अ’. पाटी वाचण्यासाठी रचणारं टूल कधीच वापरू नका.

आमच्या पाटीची अक्षरं लहान फोटोत जेमतेम सात पिक्सेल उंच होती. ‘क’ ने शिरोरेषा अगदी सरळ आणि काळीभोर काढली, आणि तिच्याखाली अक्षरांसारखे दिसणारे आकार लटकवले. त्यातलं एकही अक्षर बाराखडीत नाही. ‘ड’ त्याहून धोक्याचं, कारण त्यात काही अक्षरं खरोखर वाचता येत होती. पहिलं अक्षर ‘श्री’ वाटत होतं आणि घरात लगेच दुकानाचं नाव काय असेल यावर चर्चा सुरू झाली. प्रिंटवर स्पष्ट लिहिलेलं निघालं: ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’. ‘श्री’ कुठेच नव्हता.

देवनागरीत हा धोका अधिक, कारण ब आणि व, प आणि ष, भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक एका लहानशा रेघेचा किंवा गाठीचा असतो. सात पिक्सेलच्या अक्षरात ती रेघ एका पिक्सेलपेक्षाही बारीक होते. ‘अ’ मध्ये मला ‘–रा–ा’ एवढंच दिसत होतं, म्हणजे एक र, एक काना, पुढे पुन्हा एक काना. तेवढंच फाइलमध्ये होतं. त्यावरून ‘किराणा’चा अंदाज माणसाने बांधावा, आणि तो अंदाज आहे हे जवळ लिहून ठेवावं.

सीसीटीव्हीतला चेहरा किंवा गाडीचा नंबर मोठा करून पोलिसांना देऊ का?

मूळ फाइल जशी आहे तशी द्या. 2024 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका खुनाच्या खटल्यात न्यायाधीशांनी अशा टूलने स्पष्ट केलेला व्हिडिओ पुरावा म्हणून नाकारला. रचलेल्या चेहऱ्याने भलताच माणूस अडकू शकतो.

शेवटी छापायला कोणती आवृत्ती घेतली?

एकही पूर्ण घेतली नाही. तळाला ‘अ’ ठेवली. तिच्यावर ‘क’ चा थर 40 टक्के अपारदर्शक ठेवून लावला. त्या थराला मास्क लावून सगळ्यांचे चेहरे, लुगड्याचा काठ आणि पाटी एवढ्या जागा पुसून टाकल्या, म्हणजे तिथे खालची ‘अ’ दिसते. भिंत, जमीन, दाराची चौकट यांना ‘क’ चा फायदा मिळाला. तिथे एखादी भेग टूलने रचली असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. सर्वांत वर एक हलका, एकसारखा रवाळ थर दिला. त्यामुळे धूसर चेहरा आणि स्पष्ट भिंत एकाच फोटोतली वाटू लागली.

छपाईचं मापही आवरलं. 1920 पिक्सेल 300 डीपीआयने साधारण साडेसहा इंच रुंद छापतात. त्या मापात हातभर अंतरावरून आजीच्या चेहऱ्याचा धूसरपणा खटकत नाही, आणि हनुवटीवरचा ठिपका दिसतो. भिंतीवर लावायला मोठा हवा होता, पण तो या फाइलमधून केला असता तर पुन्हा चेहरा रचावा लागला असता.

मागे पेन्सिलने लिहिलं: मूळ 480×360, चौपट केलेला, भिंत आणि जमीन टूलने सुधारलेली, चेहऱ्यांना हात लावलेला नाही. फाइलच्या नावातही तसंच, आणि मूळ लहान फाइल त्याच फोल्डरमध्ये. पुढे प्रिंट सापडल्यावर मोठा फोटो त्या स्कॅनवरूनच केला. आता तो बैठकीच्या खोलीत आहे.